बचत गटातील बचत आणि अंतर्गत कर्ज : एका गटाच्या वर्षभराच्या नोंदींचा अभ्यास

(इयत्ता बारावी, अर्थशास्त्र प्रकल्प)

आमच्या गावातील 12 महिलांच्या एका बचत गटाच्या एप्रिल 2024 ते मार्च 2025 या वर्षाच्या नोंदी मी पाहिल्या आणि 8 सभासदांच्या मुलाखती घेतल्या. माझी आई याच गटात आहे. त्यामुळे दप्तर सहज मिळाले, पण तिची मुलाखत मी घेतली नाही. तिला प्रश्न विचारताना मीच उत्तर सुचवले असते. सभासदांच्या इच्छेनुसार कोणाचेही नाव अहवालात नाही.

नाबार्डने 1992 साली बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. आपल्या राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविम आणि 2011 पासून 'उमेद' अभियान हे काम करतात. आधी स्वतःची बचत, त्यातून आपापसांत कर्ज आणि मग बँक, हा क्रम या सगळ्यात सारखाच आहे.

गटाची बैठक दर महिन्याच्या 10 तारखेला जेवणे उरकल्यावर अंगणवाडीत होते. बचत दरमहा 200 रुपये, उशिरा येणाऱ्याला 10 रुपये दंड. वर्षाची बचत 28,800 रुपये झाली. आधीचा निधी 96,000 रुपयांचा होता. इतिवृत्त, रोकड वही आणि बचत-कर्ज खतावणी ही तीन पुस्तके मी ताडून पाहिली. ऑगस्टमध्ये 200 रुपयांचा फरक निघाला. एका सभासदाने बचत शेजारणीच्या हाती पाठवली होती. ती रोकड वहीत चढली, खतावणीत राहून गेली. सचिवताईंनी माझ्यासमोरच दुरुस्त केली.

वर्षभरात 17 कर्जे दिली गेली, एकूण 1,48,000 रुपयांची.

| नोंदवलेले कारण | कर्जे | रक्कम (रु.) |
|---|---|---|
| शेती | 5 | 52,000 |
| मुलांचे शिक्षण | 4 | 31,000 |
| शेळ्या, शिलाई मशीन | 2 | 30,000 |
| दवाखाना | 4 | 27,000 |
| घरखर्च | 2 | 8,000 |

व्याज शेकडा दोन, म्हणजे महिन्याला 2 टक्के. वर्षाचे 24 टक्के होतात हे पाहून मी सुरुवातीला वहीत 'जास्त दर' असे लिहिले होते. ते खोडावे लागले. गटाचे व्याज शिल्लक मुद्दलावर लागते. 10,000 रुपये दहा समान हप्त्यांत फेडले तर पहिल्या महिन्याला 200, मग 180 असे उतरत जाऊन एकूण 1,100 रुपये व्याज होते. गावात सावकारी पैसा शेकडा पाचने मिळतो आणि मुद्दल शेवटी एकदम द्यावे लागते. त्याच रकमेवर तिथे दहा महिन्यांत 5,000 रुपये व्याज होते. शिवाय गटाचे व्याज गटातच राहते.

पण ते कोणाच्या वाट्याला येते? वर्षाचे व्याज 18,460 रुपये जमले. बचत सारखी असल्याने प्रत्येकीचा कागदोपत्री वाटा सुमारे 1,538 रुपये. सर्वांत जास्त कर्ज घेणाऱ्या ताईंनी 3,340 रुपये व्याज भरले. त्यातून त्यांचा वाटा वजा केला तर खरा खर्च 1,802 रुपये पडला. दोघींनी वर्षभर एकही कर्ज घेतले नाही, त्यांच्या नावावर मात्र तेवढेच 1,538 जमा. म्हणजे 'आपलंच व्याज आपल्यालाच' हे वाक्य, जे मला पाच जणींनी ऐकवले, सगळ्यांना सारखे लागू होत नाही. त्या दोघींपैकी एक मजुरी करतात. त्या म्हणाल्या, "काम लागलं तर हप्ता, नाही तर कुठून? त्यापेक्षा नकोच." ज्यांना पैशांची गरज बहुधा जास्त, त्याच मागे राहतात, हे मला कोणत्याही तक्त्यातून कळले नसते.

दुसरी गोष्ट कारणाच्या रकान्याची. शेतीसाठी कर्ज घेतलेल्या तिघी माझ्याशी बोलल्या. एकीने खरोखर सोयाबीनचे बियाणे आणि खत घेतले. दुसरीने मायक्रोफायनान्स कंपनीचे थकलेले आठवड्याचे हप्ते भरले. तिसरीने ते पैसे नणंदेला दिले, कारण नणंदेचे स्वतःच्या गटात आधीचे कर्ज बाकी होते. "शेती लिहिलं की बैठकीत कुणी खोदून विचारत नाही," असे त्या हसत म्हणाल्या. नियमाप्रमाणे पाहिले तर ही चूक आहे. मला मात्र वाटते की पैसा कशाला लागतो हे बाईने बारा जणींसमोर सांगावे, हा नियमच थोडा कठीण आहे. परतफेडीत या दोघी एकदाही चुकलेल्या नाहीत.

या अभ्यासात गट एकच, वर्षही एकच. चार जणींशी बोलणे झाले नाही, आणि तोंडी सांगितलेले आकडे मला पावत्यांवर तपासता आले नाहीत. कच्चा अहवाल मी सचिवताईंना वाचून दाखवला. कोणाला ओळखू येईल असे काही राहू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. शेवटी त्या म्हणाल्या, "तक्ता वहीप्रमाणेच ठेव." म्हणून वरच्या तक्त्यात ती दोन कर्जे 'शेती'खालीच आहेत.