पोचलो

कानबाईचे रोट खायला गोकुळ दरवर्षी सुरतेहून येतो. भाऊबंदकीचे रोट, चुकवून चालत नाही. सोमवारी सकाळी विसर्जनाला बोरी नदीत गुडघाभर पाण्यात उतरला, चौरंग टेकवायला वाकला आणि शर्टाच्या वरच्या खिशातला मोबाईल सुळकन पाण्यात. पोरांनी चाचपडून काढला तोवर पाच-सात मिनिटं गेली होती.

"सापडना ते बरं," चुलता म्हणाला. "नही तं बोरीतून तापीमा, तापीतून सुरत. तुन्हा पहिले पोचता."

सगळे हसले. गोकुळही हसला.

दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. मग अमळनेरच्या दुकानदाराने मागचं झाकण उघडलं, ब्रशने साफ केलं, चार्जर लावून पाहिला. "बोर्ड गेला. सिम चांगलं आहे, तेवढं घ्या. व्हॉट्सॲपचा बॅकअप कुठे घेतला होता?"

बॅकअप म्हणजे काय ते गोकुळला त्या दिवशी कळलं. जुन्या मोबाईलमध्ये 'मेमरी फुल' यायचं, तेव्हा त्यानेच तो बंद केला होता. नव्या मोबाईलमध्ये सिम टाकलं, ओटीपी आला. ग्रुपची नावं दिसली, आत काही नाही.

पोरीचे पहिल्या दिवशीच्या शाळेचे फोटो गेले, त्याचं एवढं नव्हतं, भाच्याकडे होते. पण बाप. बापाला लिहिता येत नव्हतं. तो मंगलच्या मोबाईलवर बटण दाबून बोलायचा, आणि बोलून झालं तरी बोट उचलायचा नाही. त्यामुळे शेवटी नुसता खोकला, कोंबडी, 'काढ वं आते हाई' असलं काहीबाही. रातपाळीला संच्यांच्या खडखडाटात ऐकू यायचं नाही. गोकुळ बाहेर जिन्यात येऊन कानाला लावायचा. बाप जाऊन दोन वर्षं झाली, जिना तोच आहे.

"तुझ्या मोबाईलमध्ये असतील ना?" त्याने मंगलला विचारलं.

ती चुलीपाशी होती. वळली नाही. "मेमरी भरी गयथी. तुमनाजोडे शेत ना, म्हणीसन पुसी टाकात मी."

तो काही बोलला नाही. तीही तवा उतरवून बराच वेळ तशीच बसली.

रात्री आई खाटेवरून आपणहून म्हणाली, "काय बोले रे तो? रोज तेच. पाणी पडनं का रे तठे? आठे तं टिपूस बी नही."

"खोकलायचा पण."

"हां. खोकले."

शनिवारी गोकुळ गाडीत बसला. उधन्याला उतरून नव्या मोबाईलवर मंगलला लिहिलं: पोचलो. तिच्याकडे तो सहा वर्षांच्या पोचलोंच्या खाली जाऊन बसला. त्याच्याकडे एकटाच.

मिनिटभराने तिचा आवाज आला. "पाणी पडनं का तठे?" आणि बोलून झाल्यावरही तिने बोट उचललं नव्हतं.