फाईल खालून वाच
(विमा कंपनीच्या रत्नागिरी कार्यालयातल्या निरोप समारंभातलं भाषण, 31 मे 2024)

डिव्हिजनल मॅनेजर साहेब, माझे सगळे सहकारी, सर्व्हेअर मंडळी, वकीलसाहेब, आमचे एजंट, आणि दाराजवळच्या खुर्चीत अवघडून बसलेले आमचे हे,

साहेब माझ्याबद्दल आत्ता जे बोलले, ते सर्व्हे झाल्याशिवाय कुणी मंजूर करू नका. मला ऐकायला बरं वाटलं, पण निम्मं तरी घसाऱ्यात जाईल.

1986 साली मी या कार्यालयात सहायक म्हणून लागले, तेव्हा कोकण रेल्वे नव्हती आणि कॉम्प्युटरही नव्हता. एका पत्राच्या तीन कार्बन प्रती काढायच्या, तिसरी वाचता येत नसे, आणि ऑडिटवाल्यांना नेमकी तीच हवी असे. क्लेम्सच्या टेबलावर तेव्हा एक जुने साहेब होते. मुलगी आहे म्हणून मला टायपिंगला बसवा, असं सगळे म्हणत असताना त्यांनी माझ्यापुढे मोटरच्या फाईलींचा गठ्ठा टाकला. म्हणाले, "फाईल खालून वाच." आपल्याकडे नवा कागद वर लागतो. वरून वाचायला घेतलं की आधी आपलीच पत्रं दिसतात: रिजनल ऑफिसची क्वेरी, आपलं उत्तर, पुन्हा क्वेरी. ज्याचं नुकसान झालं त्याचं पहिलं पत्र सगळ्यात तळाशी, टाचणीला गंज चढलेलं. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर हे कळायला मला वीसेक वर्षं लागली, आणि त्याची किंमत मी भरली नाही, दुसऱ्यांनी भरली. आज सगळे आहात तर त्यातलं थोडं सांगते. नुसते आभार मानले तर दहा मिनिटांत पोहे येतील.

आधी चिपळूण. 26 जुलै 2005. सगळा देश मुंबईचं पाणी बघत होता, तेव्हा इकडे वाशिष्ठीनं बाजारपेठ बुडवली होती. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो. इथल्या निम्म्या मुलामुलींनी तो वास घेतलेला नाही: भिजलेला तांदूळ, डिझेल आणि चिखल एकत्र. कापडाचं एक दुकान होतं. माल सोळा लाखांचा, विमा दहा लाखांचा, नुकसान आठ लाखांचं. विमा का दहाचा? बँकेनं कर्जाच्या आकड्याएवढा उतरवला होता आणि आम्ही दर वर्षी तोच आकडा डोळे झाकून रिन्यू करत होतो. ॲव्हरेजचं कलम लागलं: विमा मालापेक्षा कमी, तर भरपाईही त्याच प्रमाणात. सोळाला दहा, तर आठाला पाच. हिशेब चोख होता, पॉलिसीप्रमाणे होता, आणि तो सांगायला मी त्यांच्या दुकानात गेले. ते चिखल काढत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, पाणी अर्धवट आलं होतं काय?"

उत्तर नव्हतं, आजही नाही. पण त्यानंतर या कार्यालयातून रिन्यूअलची नोटीस जाते तेव्हा एजंटनं दुकानात जाऊन 'आता माल केवढ्याचा आहे' एवढं विचारायचं, हा नियम मी लावला. एजंट मंडळी वैतागली. प्रीमियम वाढतो म्हटल्यावर गिऱ्हाईक तोडून बोलतं, ते तुम्ही ऐकून घेतलंत. 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारात पुन्हा पाणी शिरलं. त्याच दुकानाचा क्लेम आला. या खेपेस विम्याचा आकडा बरोबर होता, एक्सेस, म्हणजे मालकानं स्वतः सोसायचा हिस्सा, वजा जाता सगळे पैसे मिळाले. श्रेय एजंटचं आहे. ते मागच्या रांगेत बसलेत आणि आता खाली बघताहेत.

सॅल्व्हेजचं, म्हणजे उरल्यासुरल्या मालाच्या विक्रीचं, मात्र विसरता येत नाही. भिजलेल्या साड्या रस्त्यावर दोरीला वाळत घातलेल्या, लिलावाला आलेले व्यापारी त्यांचे पदर चोळून भाव करताहेत, आणि मालक लांब उभा. आपल्या नोटमध्ये ती एक ओळ असते: सॅल्व्हेज वजा.

दुसरी गोष्ट काजूच्या कारखान्याची. गाव सांगत नाही. रात्री आग लागली, कच्चा काजू जळला. मालकानं दोनच महिन्यांपूर्वी विम्याची रक्कम जवळजवळ दुप्पट केली होती. झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळला. त्यात माणूस शांत, रडगाणं नाही. मला वाटलं, ज्याचं खरंच जळलं तो इतका शांत असेल कसा? सर्व्हे रिपोर्ट स्वच्छ होता, शॉर्टसर्किट. तरी मी इन्व्हेस्टिगेटर नेमला. मग दुसरा नेमला. सात महिने गेले. शेवटी एका रविवारी फाईल घरी आणली आणि तळाशी गेले. त्यांच्या पहिल्याच पत्रात, तिसऱ्या ओळीत लिहिलेलं: यंदा आफ्रिकेचा काजू एकदम घेतला म्हणून विमा वाढवला होता, बिलं सोबत जोडली आहेत. आणि बिलं जोडलेली होती! सात महिने त्या फाईलीत होती. रक्कम पूर्ण मिळाली. पण मधल्या काळात काजू सोलणाऱ्या बायका दुसरीकडे कामाला लागल्या आणि बँकेचं व्याज चढत गेलं. मी माफी मागायला गेले. त्यांनी सोलकढी दिली, बोलले काही नाहीत. संशय घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. खोटे क्लेम येतात, आंब्याच्या पेट्यांचे तर असे येतात की त्या वर्षी हापूस झाडाऐवजी रसीद-बुकालाच लागला की काय वाटावं. पण संशयाला तारीख हवी. अमुक दिवसात सिद्ध झालं नाही तर पैसे द्यायचे आणि रात्री झोपायचं.

हसण्यासारखेही क्लेम आले. वानरानं माडावरून शहाळं टाकलं, गाडीची पुढची काच गेली. क्लेम सरळ होता. वरून क्वेरी आली, "एफआयआरची प्रत जोडावी." कुणाविरुद्ध? आमच्या पोरांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, रिजनलाक शाणपण दी रे म्हाराजा," आणि सगळ्या हॉलनं "व्हय म्हाराजा" म्हटलं. तेव्हापासून क्वेरी उघडली की इथे व्हय म्हाराजा होतं. साहेब, हे तुम्हाला माहीत नव्हतं, आज कळलं.

आता जे सांगायचं ते. नोव्हेंबर 2009, फयान. 11 तारखेला वादळ आलं तेव्हा आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी होड्या समुद्रात होत्या. मच्छीमार सोसायटीमार्फत खलाशांचा अपघात विमा आपल्याकडे होता, माणशी एक लाख. एका खलाशाचा क्लेम आला. आपण पत्र पाठवलं, मृत्यूचा दाखला आणि पोस्टमॉर्टेम रिपोर्ट पाठवा. उत्तर नाही. स्मरणपत्र. दुसरं स्मरणपत्र. 2011 मध्ये 'कागदपत्रांअभावी नो क्लेम' असं लिहून फाईल बंद झाली. सही माझी.

2017 साली त्यांच्या घरून वहिनी आल्या. कोर्टाचा हुकूम घेऊन. सात वर्षं माणसाची काही खबर नसेल तर तो मेला असं कायदा धरतो, तो हुकूम. मी फाईल मागवली. जुन्या बंद फाईली रद्दीत गेल्या होत्या. मला घाम फुटला. तेव्हा आमचे शिपाईमामा वरच्या माळ्यावर चढले आणि गाठोडं घेऊन खाली आले. रद्दी बांधताना त्यांनी ही एक फाईल बाजूला ठेवली होती. का, तर म्हणे, "पोराचं अक्षर बघितलं आणि टाकवेना."

तळाचा कागद. आठवीतल्या मुलानं वहीचं पान फाडून लिहिलेला. "माझे बाबा बोटीवरून परत आले नाहीत. त्यांचा देह सापडला नाही." दुसरी ओळ, मंडळी. आणि आपण त्यांच्याकडे तीनदा पोस्टमॉर्टेम रिपोर्ट मागितला. पत्रं छापील होती, मी नुसतं नाव भरून सही करत गेले.

क्लेम पुन्हा उघडायला पाच महिने लागले. मृत्यूची नक्की तारीख कोणती, मुदत संपली नाही का, क्वेऱ्यांवर क्वेऱ्या. पण बोट त्या दिवशी बंदरातून सुटल्याची नोंद होती, हवामानाचा इशारा होता, बरोबरच्यांचे जबाब होते. वकीलसाहेबांनी एक पैसा न घेता चार पानी मत लिहून दिलं. साहेब, तुमच्या आधीच्या साहेबांनी स्वतःच्या जोखमीवर शिफारस केली. एक लाख मंजूर झाले. डिस्चार्ज व्हाउचरवर सही करायला आईबरोबर तो मुलगा आला होता, आता एकवीस वर्षांचा, तोही खलाशी. ते पत्र बघायला मागितलं. वाचलं, आणि म्हणाला, "परत मध्ये प चा पोटफोड्या ष झालाय माझा." एवढंच.

मामा, तुम्ही निवृत्त होऊन चार वर्षं झाली, आज मुद्दाम लांज्याहून आलात. अडतीस वर्षांत मी ज्या सह्या केल्या, त्यात सगळ्यात वाईट सही तुम्ही निस्तरलीत. उभे राहा, लोकांना दिसू देत.

आभार राहिले. सर्व्हेअर मंडळी, निसर्ग वादळानंतर, लॉकडाऊनमध्ये, पास काढून तुम्ही दापोलीकडे गेलात. तिथून फोन केलात की ज्यांचा विमा आहे ती चार घरं बघून झाली, पण बाकीचं गाव आमच्याच मागे फिरतंय, त्यांना काय सांगू? मी म्हटलं, चहा घ्या आणि ऐकून घ्या. ते तुम्ही केलंत, त्याचं बिलही लावलं नाहीत. मोटरच्या टेबलावरच्या दोघींनी लोकअदालतीच्या आदल्या दिवशी रात्री नऊपर्यंत बसून तडजोडी तयार केल्या, मुलांना शेजारी ठेवून. नव्या पोरांनो, तुम्ही मला स्कॅन केलेली फाईल उघडायला किमान चाळीस वेळा शिकवलंत. स्क्रीनवर पहिला कागद पहिल्या पानावरच येतो, म्हणजे तुम्हाला तळाशी जायचे कष्ट नाहीत. तरी तुम्ही शेवटच्या पानावर उडी मारता, ते मी बघते.

आणि आमचे हे. पुराच्या दिवसांत मी रात्री अकराला चिखल घेऊन घरी यायची, हे दारातच गरम पाण्याची बादली ठेवून झोपलेले असायचे. एकदाही म्हणाले नाहीत की नोकरी सोड. म्हणाले असते तर मी ऐकलं नसतं, ते वेगळं.

माझ्या टेबलावर आज अकरा फाईली आहेत, यादी लावून ठेवली आहे. त्यातली नाटे गावातल्या बोटीची सोमवारी बघा. उद्यापासून मासेमारी बंद, बोटी वर ओढतील, ताडपत्री पडली की सर्व्हेअरला तळ दिसणार नाही. कपाटाची किल्ली पांढऱ्या डबीत आहे. कपाटात माझे गमबूट आहेत, सहा नंबर. डावा बूट टाचेशी गळतो, एस.टी. स्टँडजवळचा पंक्चरवाला वीस-तीस रुपयांत लावून देतो. पाऊस यायच्या आत लावून घ्या.