विषय: कालच्या मुलाखतीबद्दल आभार आणि चाळीतील घटीच्या हिशेबाविषयी एक दुरुस्ती

आदरणीय गायकवाड सर,

सप्रेम नमस्कार.

साठवणूक व खरेदी समन्वयक या पदासाठी काल सकाळी पिंपळगाव बसवंत येथील कार्यालयात आपण माझी प्राथमिक मुलाखत घेतलीत, त्याबद्दल मी आपली आणि लेखा विभागाच्या मॅडमची मनःपूर्वक आभारी आहे. ठरलेली वेळ अर्ध्या तासाची असताना आपण जवळपास तासभर बोललात आणि नंतर स्वतः सोबत येऊन प्रतवारीची शेड दाखवलीत. त्यामुळे या पदावरील व्यक्तीकडून कंपनीची अपेक्षा नेमकी काय आहे, हे जाहिरात वाचून कळले नसते इतके स्पष्टपणे कळले.

हे पत्र लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. सभासदाने उन्हाळ कांदा चाळीत भरला आणि पाच महिन्यांत त्यात 30 टक्के घट आली, तर भाव किती वाढल्यावर त्याचे भागेल, असे आपण विचारले होते. मी चटकन 30 टक्के असे उत्तर दिले. आपण त्यावर काही बोलला नाहीत, केवळ कागदावर काहीतरी टिपून पुढच्या प्रश्नाकडे वळलात. येवल्याकडे परतताना बसमध्ये मी तो हिशेब पुन्हा मांडला आणि माझे उत्तर चुकले होते हे लक्षात आले. खरेदीचे काम मागणाऱ्या उमेदवाराने ही चूक तशीच राहू देणे योग्य नाही, म्हणून दुरुस्ती कळवत आहे.

समजा, काढणीच्या वेळी 100 क्विंटल कांदा आहे आणि बाजारभाव क्विंटलला 1,200 रुपये आहे. त्या दिवशी विकला तर 1,20,000 रुपये हातात येतात. साठवून 30 टक्के घट आली तर विकायला 70 क्विंटलच उरतो, आणि त्यातून तेवढीच रक्कम उभी राहायची असेल तर भाव सुमारे 1,714 रुपये, म्हणजे जवळपास 43 टक्के अधिक मिळावा लागतो. घट मोजायची ती भरलेल्या मालावर आणि भाव मिळतो तो उरलेल्या मालावर, हा साधा फरक मी बोलण्याच्या भरात विसरले. यात चाळ भरण्याची मजुरी, मधली निवड आणि अडकलेल्या पैशाचे व्याज असे मिळून 15,000 रुपये धरले, तर शेतकऱ्याला क्विंटलमागे सुमारे 1,929 रुपये मिळाल्याशिवाय साठवणुकीचा एक रुपयाही फायदा होत नाही. उरलेल्या 70 क्विंटलमध्ये काजळी लागलेला किंवा साल गेलेला माल असेल तर त्याला हा भाव मिळणारही नाही, त्यामुळे प्रत्यक्षातील आकडा याहून वरच जाईल.

मात्र याच हिशेबाची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. खर्च तोच ठेवून घट 30 ऐवजी 20 टक्क्यांवर आणली, तर लागणारा भाव सुमारे 1,688 रुपयांवर येतो, म्हणजे क्विंटलमागे साधारण 240 रुपयांनी उतरतो. बाजार कंपनीच्या हातात नाही, शेतकऱ्याच्या तर नाहीच; घट मात्र बऱ्याच अंशी हातातली आहे. सभासदांच्या बैठकीत भावाच्या अंदाजावर जितका वेळ जातो, त्यातला थोडा तरी या फरकावर जावा, असे मला मनापासून वाटते.

घट हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, हेही मी काल नीट सांगू शकले नाही. पाणी उडून वजन कमी होते, माल सडतो आणि कांद्याला मोड येतात. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत वजन उतरते, पावसाळ्यातील दमट हवेत सड वाढते आणि पावसाळा सरत आल्यावर मोड फुटू लागतात. यातील सडीचे मूळ पुष्कळदा चाळीत नसून शेतात असते. काढणीच्या तोंडावर दिलेले पाणी, उशिरा टाकलेला युरिया, मान पडण्याआधीच उपटलेला कांदा, पात पुरती न सुकवता केलेली कापणी किंवा मान अगदी बुडाशी छाटणे, यांपैकी काहीही घडले असेल तर चाळ कितीही हवेशीर असली तरी तो माल टिकत नाही. शेजारी-शेजारी असलेल्या दोन सारख्या चाळींतील एक ऑगस्टमध्ये फोडावी लागली आणि दुसरी दिवाळीपर्यंत टिकली, हा आपण सांगितलेला अनुभव ऐकून मी लगेच तळाच्या हवेविषयी आणि ढिगाच्या उंचीविषयी बोलू लागले. आधी त्या दोन्ही शेतांतील शेवटचे पाणी कधी दिले होते, हे मी विचारायला हवे होते.

आपली अडचण अशी होती की, घट किती आली हे चाळ फोडल्यावरच कळते आणि तोवर विक्रीचा निर्णय घेण्याची वेळ निघून गेलेली असते. त्यावर एक कमी खर्चाचा उपाय सुचवते. चाळ भरतानाच प्रत्येकी 10 किलो कांद्याच्या जाळीदार पिशव्या खूण करून ढिगात तळाला, मध्ये आणि वर अशा ठेवाव्यात, मात्र बाजूने हात घालून त्या बाहेर काढता आल्या पाहिजेत. दर पंधरा दिवसांनी त्या तोलून सडलेले आणि मोड आलेले कांदे वेगळे नोंदवले, तर कोणत्या कारणाने किती माल जातो आहे हे ढीग न हलवता समजेल. पिशवीतील कांद्याला ढिगाचा पूर्ण दाब बसत नसल्याने हा आकडा अगदी तंतोतंत नसेल. पण सड वाढू लागल्याची सूचना मिळायला तो पुरेसा आहे. अशी नोंद हाती असली की सगळा माल एकदम काढण्याऐवजी कोणाची चाळ आधी आणि कोणाची नंतर उचलायची, हे खरेदी विभागाला ठरवता येईल. राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशी आणि आपल्या सभासदांच्या चाळींतील प्रत्यक्ष नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्याचे काम करायला मला विशेष आवडेल.

वरील हिशेबाचा एका पानाचा तक्ता सोबत जोडला आहे. त्यात भाव, घट आणि खर्च यांचे आकडे बदलले की लागणारा किमान भाव आपोआप दिसतो. मॅडमनी व्याजाचा दर कोणता धरणार असे विचारले होते, म्हणून त्यासाठी वेगळा रकाना ठेवला आहे.

निवडीची पुढची फेरी महिनाअखेरीस होईल असे आपण सांगितले होते. त्या वेळी एखाद्या सभासदाच्या चाळीवर प्रत्यक्ष नेऊन माझी परीक्षा घेतलीत तरी माझी तयारी आहे. पदवीचे मूळ प्रमाणपत्र काल आपण पाहिले आहेच. आधीच्या कामाचे अनुभव प्रमाणपत्र येत्या दोन दिवसांत याच पत्त्यावर पाठवते.

आपल्या वेळेबद्दल पुन्हा एकदा आभार.

आपली विश्वासू,
अश्विनी पगार
येवला, जि. नाशिक

सोबत: घट व किमान भाव हिशेबाचा तक्ता