कॅमेरा किती लांब होता?

(नववीच्या वर्गापुढे विज्ञानाच्या बाईंनी केलेलं बोलणं)

बसा. मागच्या बाकांवरच्यांनी जरा पुढे या, पडद्यावरचं नीट दिसायला हवं.

हे दोन फोटो पाहा. दोन्ही माझेच आहेत. काल मधल्या सुट्टीत, याच खिडकीपाशी, पाच मिनिटांच्या आत काढलेत. कपडे तेच, उजेड तोच, आणि मी हललेलेसुद्धा नाही. फिल्टर नाही, काही नाही. मग डावीकडच्या आणि उजवीकडच्या फोटोत काय फरक दिसतोय? बोला, मला राग येणार नाही.

नाक. हो, डावीकडे नाक मोठं दिसतंय. अजून? कान! बरोबर पकडलंस. डावीकडच्या फोटोत कान जवळजवळ गालांमागे गेलेत, उजवीकडे ते स्पष्ट दिसतात. चेहरा डावीकडे लांबुळका आहे, उजवीकडे भरलेला. एखाद्या अनोळखी माणसाला दाखवले तर तो म्हणेल, या दोघी सख्ख्या बहिणी असतील.

बदललं ते एवढंच: डावीकडचा फोटो काढताना टॅब माझ्या नाकापासून ३० सेंटिमीटरवर होता, म्हणजे तुम्ही हात थोडा दुमडून सेल्फी काढता तेवढ्या अंतरावर. उजवीकडचा दीड मीटरवरून काढला, आणि चेहरा तेवढाच मोठा दिसावा म्हणून झूम केला.

हे असं का होतं, ते फळ्यावर करून पाहू. गणित पाचवीतल्या मुलालाही जमेल असं आहे. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत, समोरून मागे, साधारण १२ सेंटिमीटर धरा. कॅमेरा नाकापासून ३० वर, म्हणजे कानापासून ४२ वर. वस्तू जितकी लांब तितकी लहान दिसते, हे आपण शिकलोय. ४२ भागिले ३०, उत्तर १.४. म्हणजे कानाच्या मानाने नाक १.४ पट मोठं उमटणार. आता कॅमेरा १५० वर न्या. कान १६२ वर. १६२ भागिले १५०, उत्तर १.०८. फरक जवळजवळ संपला. नाक तेच, कान तेच, आपण फक्त अंतर बदललं.

आणि झूममुळे हे होत नाही, हे लक्षात घ्या, कारण यात बहुतेकांची गल्लत होते. झूम केल्यावर सगळंच सारखं मोठं होतं. चेहऱ्याची ठेवण बदलते ती कॅमेरा कुठे उभा आहे त्यावरून.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नेमकं हेच गणित चेहऱ्याचं प्रतिमान घेऊन मांडलं. दीड मीटरवरच्या फोटोच्या तुलनेत ३० सेंटिमीटरवरच्या सेल्फीत नाकाचा तळ सुमारे ३० टक्के रुंद दिसतो, असं त्यांचं उत्तर आलं. हे त्यांनी मांडलं, कारण लोक स्वतःच्या सेल्फी दाखवून नाकाची शस्त्रक्रिया मागायला येत होते. मला हे वाचताना फार वाईट वाटलं. कॅमेरा दीड मीटरवर नेला असता तर जे दिसलं नसतं, त्यासाठी माणसं नाकावर सुरी चालवून घ्यायला निघाली होती.

अँगलचंही मूळ हेच. कॅमेरा डोक्याच्या वर धरला की कपाळ आणि डोळे जवळ येतात, हनुवटी लांब जाते. म्हणून डोळे मोठे, जबडा निमुळता. खालून धरला की उलटं: हनुवटी आणि नाकपुड्या पुढे, डोळे बारीक. व्हिडिओ कॉलवर फोन मांडीवर ठेवून बोलताना स्वतःचा चेहरा बघून दचकता ना, ते यामुळे. त्यात उजेड डोक्यावरून पडत असेल तर डोळ्यांखाली सावली पडते आणि रात्रभर झोपला नाहीत असं वाटतं.

आता ज्यासाठी मी आजचा तास मागून घेतला, त्याबद्दल बोलते.

गेल्या आठवड्यात आपल्या वर्गाचा फोटो काढला. तो ग्रुपवर गेला आणि त्याखाली कुणाकुणाच्या चेहऱ्यावर जे लिहिलं गेलं ते मी वाचलंय. कुणी लिहिलं ते विचारणार नाही. पण ज्यांच्याबद्दल लिहिलं, ती सगळी मुलं फोटोत कडेला उभी होती. डावीकडच्या टोकाची दोन आणि उजवीकडच्या टोकाचं एक. हा योगायोग नाही.

तो फोटो आता मोठा करून दाखवते. काळजी करू नका, चेहरे मी झाकलेत. उजव्या कोपऱ्यात टेबलावर आपला पृथ्वीगोल दिसतोय? तुम्ही रोज फिरवता तो. कसा आहे तो? नीट बघा. अंड्यासारखा ताणलाय, बाहेरच्या कोपऱ्याकडे. आता मधल्या रांगेत कुणाच्या तरी हातात चेंडू आहे, तो बघा. तो मात्र गोल. पृथ्वीगोल फुगला नाही, वाकला नाही, या क्षणी तो या टेबलावर गोलच आहे.

खोली लहान, मुलं चाळीस, म्हणून फोन जवळून आणि रुंद लेन्सवर धरला होता. अशा लेन्सच्या मधोमध असलेली गोल वस्तू गोल येते, कडेची बाहेरच्या बाजूला ताणली जाते. टॉर्चच्या उजेडात चेंडू धरून बघा. सावली समोरच्या भिंतीवर सरळ पडली तर गोल पडते, तिरकी पडली की लांबुळकी. कॅमेऱ्यात तसंच होतं. टोकाला डोकं सव्वापटीपर्यंतसुद्धा ताणलं जाऊ शकतं. काही फोन हे आपोआप सुधारतात, तो फोन सुधारत नव्हता.

एक गंमत अजून आहे, आणि ती हुशार मुलांनी विचारलीच असती. मागच्या भिंतीवरचं घड्याळ कडेलाच आहे, तरी ते गोल दिसतंय. का? कारण ते सपाट आहे आणि कॅमेऱ्याला समांतर टांगलंय. सपाट वर्तुळ ताणलं जात नाही, गोळा ताणला जातो. आपली डोकी घड्याळासारखी सपाट नाहीत.

तर ज्यांना त्या फोटोवरून नावं ठेवली गेली, त्यांच्या चेहऱ्यात काही नव्हतं. त्या जागी तुम्ही उभे असता तर तुमचंही डोकं असंच आलं असतं. त्यातली एक मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. हे मला सहन झालं नाही, म्हणून सरळ सांगतेय. ती आता आलीय, तिला कुणी काही विचारायचं नाही.

फिल्टरकडे येऊ.

फोन आधी चेहरा शोधतो आणि त्यावर बिंदू बसवतो: डोळ्यांचे कोपरे, नाकाचा कणा, ओठांची कड, जबड्याची रेघ. एका खूप वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत असे ४६८ बिंदू असतात. ते जोडले की चेहऱ्यावर जाळी तयार होते, आणि मग कापड ओढावं तशी ती जाळी ओढली जाते. डोळ्यांपाशी बाहेर, नाकपुड्यांपाशी आत, जबड्यापाशी आत. त्वचा गुळगुळीत करायला शेजारशेजारच्या ठिपक्यांचे रंग एकमेकांत मिसळतात. त्यात पुळी जाते, तीळही जातो, रंध्रं जातात. रंध्रं नसलेली त्वचा कुणाचीच नसते, हे तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंय.

पकडायचं कसं? चेहऱ्यासमोरून हात झटकन फिरवा, जाळी क्षणभर सुटते. किंवा दाराच्या चौकटीला टेकून उभे राहा: गाल आत ओढला की चौकटीची सरळ रेघही गालाशेजारी वाकते. आणि एक काम घरी गेल्यावर करा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ब्यूटी मोड चालू आहे का ते बघा. काही फोनमध्ये तो आधीपासूनच चालू असतो. तुम्हाला वाटतं आपण साधा फोटो काढतोय.

मागच्या वर्षीच्या एका विद्यार्थिनीने मला विचारलं होतं, ‘बाई, फिल्टर काढला की माझा चेहरा चुकीचा वाटतो. असं का?’ चुकीचा, हा तिचा शब्द. मी तिला आरशाचं उदाहरण दिलं. आरशात आपण स्वतःला उलटं बघतो, डावं उजवीकडे. मित्रमैत्रिणी आपल्याला सुलटं बघतात. १९७७ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी एकाच व्यक्तीचे असे दोन्ही फोटो दाखवले. त्या व्यक्तींना बहुतेक वेळा आरशातला आवडला आणि त्यांच्या मैत्रिणींना सुलटा. ज्याला ज्याची सवय, त्याला ते बरं वाटतं. मग दिवसातून वीस वेळा फिल्टरमधला चेहरा बघितला तर डोळ्यांना त्याची सवय होणार, आणि तुमचा खराखुरा चेहरा अनोळखी वाटायला लागणार. तिच्या चेहऱ्यात काही चुकलं नव्हतं, डोळ्यांची सवय बदलली होती. तिने महिनाभर फिल्टर बंद ठेवला. नंतर म्हणाली, आता फिल्टरमधली मी बाहुलीसारखी वाटते.

रंगाबद्दल थोडं. पुष्कळसे फिल्टर न विचारता रंग उजळ करतात. हे यंत्रांमध्ये आजचं नाही. कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून रंग जुळवायला फोटो प्रयोगशाळांना नमुन्याची कार्डं देत असे, आणि त्यावर गोऱ्या बाईचाच फोटो असे. त्यामुळे सावळ्या, काळ्या माणसांचे फोटो कित्येक वर्षं नीट येत नव्हते. वेगवेगळ्या वर्णाच्या माणसांचं कार्ड १९९० च्या दशकात आलं. माझ्या बहिणीचा अर्जासाठीचा फोटो एका स्टुडिओने न विचारता उजळ करून दिला होता. तिने तो परत केला, ‘हा माझा नाही’ म्हणाली. मला तिचा अजून अभिमान वाटतो.

फिल्टर वापरूच नका असं मी म्हणत नाही. कुत्र्याचे कान लावून मलाही हसू येतं. कान लावलेत हे सगळ्यांना कळतं, त्याचा त्रास नाही. त्रास न कळणाऱ्या बदलाचा आहे. म्हणून नॉर्वेने २०२१ मध्ये कायदा केला, की जाहिरातीत शरीराचा आकार किंवा त्वचा बदलली असेल तर तसं लिहायचं. तो २०२२ पासून लागू आहे.

आता उठा. दोघादोघांच्या जोड्या करा. या दोऱ्यांना दोन गाठी मारल्यात, एक ३० सेंटिमीटरवर, एक १५० वर. दोऱ्याचं टोक जोडीदाराने हनुवटीपाशी धरायचं, दुसऱ्याने शाळेच्या टॅबने आधी जवळच्या गाठीवरून, मग लांबच्या गाठीवरून फोटो काढायचा. दुसऱ्या वेळी चेहरा पहिल्याएवढा दिसेपर्यंत झूम करा. दोन्ही फोटोंत नाकाची आणि चेहऱ्याची रुंदी पट्टीने मोजून वहीत लिहा आणि भागाकार करा. फोटो टॅबमधून बाहेर जाणार नाहीत, तास संपला की तुमच्यासमोर पुसते. ज्यांना स्वतःचा फोटो नकोय त्यांनी पृथ्वीगोलाचा आधी मधोमध, मग कडेला फोटो काढा आणि लांबी-रुंदी मोजा, तेही तेवढंच महत्त्वाचं काम आहे. पहिली जोडी, खिडकीपाशी या.