निरोपाचं पत्र

वडोदरा, ३० एप्रिल २०२५

माझ्या विद्यार्थ्यांनो आणि शाळेतल्या सहकाऱ्यांनो,

आज हजेरीपटावर शेवटची सही केली. जून १९९४ मध्ये याच शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले, त्याला एकतीस वर्षं होत आली. निरोप समारंभात बोलताना गळा दाटून येईल याची मला खात्री आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आधी एक जुनी चूक सांगते. माझ्या पहिल्याच वर्षी पाचवीतल्या एका मुलानं निबंधात लिहिलं होतं, ‘संध्याकाळी आजी माझ्याशी वात करते.’ मी लाल शाईनं ‘वात’वर काट मारली, शेजारी ‘दिव्यात असते ती’ असं लिहिलं आणि एक गुण कापला. त्या मुलानं पुढचे कितीतरी दिवस वर्गात तोंड उघडलं नाही. आपल्या गुजरातीच्या बेनना हे कळलं तेव्हा त्या शांतपणे एवढंच म्हणाल्या, ‘तो गल्लीत दिवसभर जी भाषा बोलतो, तिच्यात वात म्हणजे गोष्ट, बोलणं. त्यानं खोटं काय लिहिलं?’ दुसऱ्या दिवशी मी फळ्याच्या मधोमध रेघ ओढली. एका बाजूला मराठी वात, दुसऱ्या बाजूला गुजराती वात. मुलांनी तासभर असे शब्द शोधून काढले, आणि तो मुलगाही बोलला. बेन, तुम्ही आधीच निवृत्त झालात, पण हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल. मला शिकवायला शिकवलंत तुम्ही.

शिरोरेघेचंही तसंच. गुजरातीचा तास संपवून तुम्ही मराठीची वही उघडता आणि अक्षरांच्या डोक्यावरची रेघ विसरता. तिकडे गुजरातीच्या वहीत मात्र नको तिथे रेघ येते. पूर्वी मला याचा राग यायचा. नंतर समजलं, दहा-अकरा वर्षांचं मूल दिवसातून दोन-तीनदा लिपी बदलतं, त्याला थोडा वेळ द्यायलाच हवा. मुलांनो, रेघ द्यायचीच आहे, परीक्षेत तर नक्कीच. पण राहिली म्हणून घाबरून लिहिणं थांबवू नका.

दरवर्षी आठवीला घेऊन आपण मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जायचो. काचेच्या फरशीवर पाय ठेवताना तुमचा श्वास अडकायचा. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि १९१० मध्ये हे ग्रंथालय सुरू झालं, हे मी तिथे उभी राहूनच सांगायचे. घरी आईवडिलांखेरीज कुणी मराठी वाचत नाही असं सांगणारी मुलं तिथे मराठी पुस्तकांच्या रांगा बघून गप्प व्हायची. त्या क्षणासाठी मी ही सहल एकदाही चुकवली नाही.

सहकाऱ्यांनो, मागच्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी तळमजल्यात शिरलं, ते दिवस मी विसरणार नाही. स्वतःच्या घरात चिखल असताना तुम्ही शाळेत आलात. गच्चीवर दोऱ्या बांधून पुस्तकं वाळत घातली. शिपाईकाकांनी भिजलेला हजेरीपट पान पान सोडवून पंख्याखाली सुकवला. गणिताच्या सरांनी माझे तीन तास घेतले आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. मुख्याध्यापिकाबाई, माझ्या आईच्या आजारपणात तुम्ही वेळापत्रक बदलून मला सकाळचे तास दिलेत. त्याबद्दल मनापासून आभार मानते.

आता कामाचं. दहावीच्या सराव-उत्तरपत्रिका तपासून परीक्षा विभागात दिल्या आहेत. मराठीच्या कपाटाची किल्ली आणि पुस्तकांची यादी नव्या बाईंकडे सोपवली आहे. यादीतल्या सात पुस्तकांपुढे खूण आहे, ती पुरात गेली, परत मागवावी लागतील. भित्तिपत्रकाचा जून अंक नववीच्या मुलींनी जवळपास पूर्ण केला आहे. त्यांच्या कविता कृपया दुरुस्त करू नका, फक्त शुद्धलेखन बघा. आणि खालच्या कप्प्यात एक जाड वही आहे. त्यात एकतीस वर्षांत मुलांनी शोधलेल्या मराठी-गुजराती शब्दजोड्या आहेत. पहिली जोडी ‘वात’ची. शेवटची पानं कोरी ठेवली आहेत, नव्या बाईंनी आणि तुम्ही भरावीत.

मी दांडियाबाजारातच राहते. दुपारी चारनंतर घरीच असते. निबंध दाखवायला या, नोकरीचा अर्ज लिहून घ्यायला या, नुसतं बोलायलाही या.

तुमच्या,
मराठीच्या बाई