आपण केलेल्या शिफारशीबद्दल आभार आणि गुरुवारच्या मुलाखतीविषयी

आदरणीय कुलकर्णी मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गुणवत्ता विभागातील वरिष्ठ अभियंता या पदासाठी आपण माझे नाव सुचवल्यानंतर चौथ्याच दिवशी मनुष्यबळ विभागाचा फोन आला आणि काल, गुरुवारी, चाकणच्या कारखान्यात माझी मुलाखत झाली. रात्री नाशिकला पोहोचायला उशीर झाल्यामुळे आज सकाळी सर्वप्रथम आपल्याला लिहीत आहे.

आभार मानायचे ते केवळ नाव पुढे केल्याबद्दल नाहीत. मुलाखत सुरू होताच गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांनी आपण लिहिलेली शिफारस समोर ठेवली आणि अंबडच्या कारखान्यातील लंबगोल बोअरचा प्रसंग मला सविस्तर सांगायला लावला. चकमध्ये पकडलेला असताना मापात बसणारा भाग सोडल्यावर लंबगोल होतो, म्हणजे दोष बोअरिंग टूलचा नसून पकडीच्या जास्त दाबाचा आहे, हे मी तीन पाळ्या मशीनजवळ उभी राहून शोधले होते, आणि ते आपण इतक्या वर्षांनंतरही बारकाव्यांसह लक्षात ठेवले होते. पहिली दहा मिनिटे मी माझ्याच ओळखीच्या कामाविषयी बोलत असल्याने मनावरचे दडपण आपोआप उतरले. बाबांच्या आजारपणामुळे पडलेल्या चौदा महिन्यांच्या खंडाचा उल्लेखही आपण आधीच केला होता, त्यामुळे त्यावर एकच प्रश्न आला आणि तोही आपुलकीने विचारलेला होता. गेल्या दोन मुलाखतींमध्ये याच विषयावर मला बराच वेळ खुलासे द्यावे लागले होते, म्हणून आपण माझ्यासाठी काय केले आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे.

तांत्रिक फेरी सुमारे पन्नास मिनिटे चालली. सर्वांत लक्षात राहिला तो प्रत्यक्ष मोजणीचा भाग. टेबलावर एक शाफ्ट, त्याचे ड्रॉइंग आणि ०.०१ मिमी लघुतममापाचा मायक्रोमीटर ठेवून त्यांनी फक्त ‘पास की रिजेक्ट?’ एवढेच विचारले. मी जबडे पुसून आधी शून्य तपासले, तर तो एक घर पुढे दाखवत होता. शाफ्टचे वाचन २०.०० आले, म्हणजे दुरुस्त माप १९.९९ मिमी. ड्रॉइंगवर व्यास २० एच ६ होता, म्हणजे मर्यादा २०.००० ते १९.९८७, त्या हिशेबाने भाग आत बसत होता. परंतु जिथे एकूण सवलतच १३ मायक्रॉनची आहे, तिथे दहा मायक्रॉनपेक्षा बारीक न वाचणाऱ्या मायक्रोमीटरवर मी निकाल देणार नाही, एक मायक्रॉन वाचणारा कम्पॅरेटर मागेन, असे मी सांगितले. त्यावर दोघांनीही मान डोलावली. सीपी १.८ आणि सीपीके १.१ असताना काय कराल, याचे उत्तरही नीट देता आले: मशीनची क्षमता पुरेशी आहे, प्रक्रिया मध्यावरून सरकली आहे, तेव्हा आधी टूल ऑफसेट सुधारायचा.

एका ठिकाणी मात्र मी कमी पडले. एफएमईएमध्ये २०१९ च्या पुस्तिकेनंतर आरपीएनच्या जागी आलेल्या ‘ॲक्शन प्रायॉरिटी’विषयी विचारले, तेव्हा मी जुन्या पद्धतीनेच काम केले असल्याचे आणि नवी पद्धत फक्त वाचून माहीत असल्याचे स्पष्ट सांगितले. तीव्रता, संभाव्यता आणि शोधक्षमता यांचा गुणाकार न करता तक्त्यावरून प्राधान्य ठरते, एवढेच मला सांगता आले. आपल्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी मला बोलावले होते, त्यामुळे तिथे अंदाजाने बोलणे मला योग्य वाटले नाही. येत्या रविवारी आमच्या जुन्याच एका एफएमईएची नव्या पद्धतीने मांडणी करून पाहणार आहे.

दुसऱ्या फेरीत कारखानाप्रमुखांनी पाळ्यांची तयारी, साठ दिवसांचा नोटिस काळ आणि अपेक्षित वेतन यांविषयी विचारले. वेतनाचा आकडा मी आपल्याशी बोलून ठरवला होता तोच सांगितला. आठ ते दहा दिवसांत कळवू, असे ते म्हणाले. निघताना त्यांनी मला लाइनवरून फिरवून आणले. अंतिम तपासणीच्या टेबलावर प्रत्येक गेजवर कॅलिब्रेशनची पुढची तारीख लिहिलेली पट्टी होती, आणि अशा ठिकाणी काम करायला मिळावे, असे मनापासून वाटले.

एक विनंती आहे. निकालासाठी आपण मनुष्यबळ विभागाकडे चौकशी करू नये. आपले काम आपण पुरेपूर केले आहे आणि पुढचा निर्णय त्यांनी मोकळेपणाने घ्यावा, असे मला वाटते. काहीही कळले तरी पहिला फोन आपल्यालाच करीन. बाबांची तब्येत आता चांगली आहे, त्यांनीही आपल्याला नमस्कार सांगितला आहे.

आपली नम्र,
रूपाली