विक्री प्रोत्साहन योजना २०२६-२७ : उद्दिष्टावरील वाढीव दर आणि परत आलेल्या मालाची वसुली

मुख्य कार्यालय, रत्नागिरी
प्रति : दापोली ते सावंतवाडी या पट्ट्यातील सर्व विक्री प्रतिनिधी

१ एप्रिल २०२६ पासून कोकम आगळ, सरबत, आमरस, आंबापोळी, फणसपोळी आणि काजूगर यांच्या विक्रीवर पुढील नियमांनी प्रोत्साहन रक्कम दिली जाईल. हिशेब दर तिमाहीला होईल. सूट आणि वस्तू व सेवा कर वजा जाता बिलाची जी रक्कम उरते, तीच विक्री म्हणून धरली जाईल. पर्यटकांचा हंगाम, पाऊस आणि गणपतीला येणारे चाकरमानी यांमुळे प्रत्येक तिमाहीची विक्री वेगळी असते, म्हणून वर्षाच्या उद्दिष्टाचे चार सारखे भाग केलेले नाहीत. आपले तिमाही उद्दिष्ट आपल्या नेमणूक पत्रासोबतच्या तक्त्यात दिले आहे.

उद्दिष्टापर्यंतच्या विक्रीवर १.५ टक्के, उद्दिष्टापासून त्याच्या सव्वापटीपर्यंतच्या विक्रीवर २.५ टक्के आणि त्यापुढील विक्रीवर ४ टक्के असा दर राहील. वरचा दर फक्त त्या टप्प्यातील विक्रीला लागेल, संपूर्ण विक्रीला नाही. एप्रिल ते जून या तिमाहीत एखाद्या प्रतिनिधीचे उद्दिष्ट ६,००,००० रुपये आणि विक्री ८,००,००० रुपये असेल, तर पहिल्या सहा लाखांवर ९,००० रुपये, पुढील दीड लाखावर ३,७५० रुपये आणि उरलेल्या पन्नास हजारांवर २,००० रुपये, असे एकूण १४,७५० रुपये होतील. यातील ८० टक्के, म्हणजे ११,८०० रुपये, जुलैच्या पगारासोबत मिळतील आणि २,९५० रुपये राखून ठेवले जातील.

रक्कम राखून ठेवण्याचे कारण स्पष्ट सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. मागील वर्षी जूनच्या अखेरच्या आठवड्यात एका दुकानात सरबताचे चाळीस खोके उतरवले गेले. विकले गेले नाहीत तर परत घेऊ, असे दुकानदाराला तोंडी सांगितले होते. गणपतीनंतर ते खोके परत आले तेव्हा पुठ्ठा ओलाव्याने मऊ पडला होता आणि बाटल्यांवरची लेबले सुटत होती. प्रोत्साहन रक्कम मात्र जुलैतच दिली गेली होती. त्याच तिमाहीत वाडीवाडीतून फिरून खरी विक्री करणाऱ्या सहकाऱ्यांवर हा अन्याय झाला, याची आम्हाला खंत आहे.

त्यामुळे बिलाच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत माल परत आला आणि त्याची क्रेडिट नोट निघाली, तर ती रक्कम ज्या तिमाहीत बिल झाले त्याच तिमाहीच्या विक्रीतून वजा होईल आणि त्या तिमाहीचा हिशेब नव्याने मांडला जाईल. वरील उदाहरणात ऑगस्टमध्ये ९०,००० रुपयांचा माल परत आला, तर विक्री ७,१०,००० रुपये राहील, प्रोत्साहन रक्कम ११,७५० रुपये होईल आणि ३,००० रुपये वसूल करावे लागतील. हा आकडा सरासरी दराने काढलेल्या वसुलीपेक्षा मोठा आहे, कारण कपात सर्वांत वरच्या दरापासून सुरू होते. वाढीव दर जिच्यामुळे मिळाला ती विक्रीच टिकली नसेल, तर तो दरही टिकू नये, ही आमची भूमिका आहे. वसुली आधी राखीव २,९५० रुपयांतून होईल आणि उरलेले ५० रुपये पुढील तिमाहीच्या प्रोत्साहन रकमेतून वळते होतील. मूळ पगाराला, प्रवास भत्त्याला किंवा दैनिक भत्त्याला हात लावला जाणार नाही.

जो माल आमच्या चुकीने परत आला, त्याची वसुली प्रतिनिधीकडून होणार नाही. सरबत आंबून बाटलीचे झाकण उडणे, आमरसाचा डबा फुगणे, आंबापोळीला बुरशी येणे, चुकीचा माल पाठवला जाणे किंवा वाहतुकीत बाटल्या फुटणे, या सर्व कारणांचा त्यात समावेश आहे. यासाठी दुकानातच बॅच क्रमांक दिसेल असे छायाचित्र काढून दोन दिवसांत कार्यालयाकडे पाठवावे. निर्णय भरणा विभाग आणि लेखा विभाग मिळून देतील आणि शंका राहिल्यास ती प्रतिनिधीच्या बाजूने धरली जाईल. बदलून दिलेल्या मालात फक्त किमतीचा फरक धरला जाईल. ९० दिवसांनंतर परत आलेल्या मालाची वसुली होणार नाही.

३० जूनच्या बिलाची मुदत २८ सप्टेंबरला संपत असल्याने त्या तिमाहीची उरलेली राखीव रक्कम ऑक्टोबरच्या पगारासोबत मिळेल. नोकरी सोडणाऱ्या प्रतिनिधीलाही ती मुदत संपल्यावर दिली जाईल आणि त्याच्याकडून राखीव रकमेपेक्षा अधिक वसुली केली जाणार नाही. आयकराची कपात नियमाप्रमाणे होईल.

प्रत्येक वसुलीसोबत क्रेडिट नोटची प्रत आणि जुना व नवा हिशेब दिला जाईल. तो मान्य नसल्यास १५ दिवसांत लेखा विभागाकडे लेखी कळवावे. निर्णय होईपर्यंत वसुली थांबवली जाईल.

व्यवस्थापकीय भागीदार
२३ मार्च २०२६